वरची मर्यादा 0.996: वूमन ट्रायलचं वर्कशीट करताना

शनिवारच्या जर्नल क्लबसाठी स्त्रीरोग विभागातल्या सेकंड इयरच्या रेसिडेंटने वूमन ट्रायलचा पेपर निवडला. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झाला तर ट्रानेक्झामिक अॅसिड दिल्याने बाई वाचते का, हा त्यातला प्रश्न. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा पेपर लेबर रूममध्ये सगळ्यांना ऐकून माहीत असतो, वाचलेला फार थोड्यांनी असतो. मी पीएसएमवाला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा माणूस. सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी दोननंतर ओपीडी ओस पडते, तेव्हा पीजी मंडळी असले फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात.

तिने दोन पानी छापील फॉर्म भरून आणला होता. बायस, आऊटकम, नेमकेपणा आणि आपल्याकडे लागू पडतं का, असे चार भाग. रँडमायझेशन योग्य होतं का? होय. ब्लाइंडिंग होतं का? होय. सगळ्या रुग्णांचा हिशेब लागतो का? होय, 99.8 टक्के. फायदा दिसला का? होय, पी 0.045. आपल्याकडे वापरता येईल का? होय.

यातलं एकही उत्तर चूक नव्हतं. तरीही वर्कशीट निरुपयोगी होतं, कारण ते पेपरचा गोषवारा वाचूनही भरता आलं असतं. मी विचारलं, “हे सगळं कोणत्या निकालाबद्दल लिहिलंयस?” ती म्हणाली, “सर, ट्रायलबद्दल.” गडबड इथेच होती.

पेपर थोडक्यात असा. 21 देशांतली 193 रुग्णालयं, 20,060 बायका. क्लिनिकली पीपीएचचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचं, निदान झालेली, सोळा वर्षांवरची बाई. योनीमार्गे प्रसूतीनंतर 500 मिलीपेक्षा जास्त किंवा सिझेरियननंतर 1000 मिलीपेक्षा जास्त रक्त गेलेलं, किंवा कितीही गेलं असलं तरी बीपी-नाडी ढासळलेली. ऑक्सिटोसिन वगैरे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालूच, त्यावर एका गटाला एक ग्रॅम ट्रानेक्झामिक अॅसिड शिरेतून आणि दुसऱ्याला प्लासिबो. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबलं नाही किंवा चोवीस तासांत पुन्हा सुरू झालं तर दुसरा डोस.

आता निकाल. ठरवलेला मुख्य आऊटकम होता 42 दिवसांच्या आत कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा गर्भपिशवी काढावी लागणं. तो औषधाच्या गटात 534 जणींना झाला आणि प्लासिबोत 546 जणींना. रिस्क रेशो, म्हणजे औषधाच्या गटातला धोका भागिले प्लासिबोतला धोका, 0.97; विश्वासमर्यादा, म्हणजे खरं उत्तर बहुधा ज्या टप्प्यात असेल तो, 0.87 ते 1.09. म्हणजे फरक नाही. रक्तस्रावाने मृत्यू मात्र 155 आणि 191, रेशो 0.81, मर्यादा 0.65 ते 1.00. कोणत्याही कारणाने मृत्यू 227 आणि 256, रेशो 0.88, मर्यादा 0.74 ते 1.05. आणि प्रसूतीपासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू 89 आणि 127, रेशो 0.69, मर्यादा 0.52 ते 0.91.

पेपर एक, निकाल चार. बायस मोजायचं 2019 साली सुधारून आलेलं कॉक्रेनचं RoB 2 हे साधन अख्ख्या ट्रायलला एक शेरा देत नाही, एकेका निकालाला देतं. पिशवी काढण्याच्या निर्णयात डॉक्टरचं मत मिसळलेलं असतं, मृत्यू झाला की नाही यात मत नसतं, आणि मृत्यू *कशाने* झाला यात पुन्हा असतं. म्हणून आम्ही फॉर्मच्या माथ्यावर, छापलेल्या प्रश्नांच्याही वर, एक ओळ पेनने घातली: “हे वर्कशीट या निकालासाठी: रक्तस्रावाने मृत्यू, सर्व बायका, 155/10,036 विरुद्ध 191/9,985.” उरलेले तीन निकाल त्याच पानावर शेजारी राहिले, पण शेरे या एकाचे.

रँडमायझेशनच्या रकान्यातलं ‘होय’ खोडायला लावलं ते शिक्षा म्हणून नव्हे. ‘होय’ कशामुळे, हे लिहिलं की पुढचे दोन रकाने आपोआप सुटतात. या ट्रायलमध्ये यादी संगणकाने केली होती आणि ती करणारे लोक रुग्णांशी संबंध नसलेले होते. वॉर्डात येत होता तो आठ पाकिटांचा खोका, सगळी पाकिटं एकसारखी, फरक फक्त नंबरात. बाई आली की डॉक्टरने एक पाकीट उचलायचं. समजा, पाकिटावरून आत काय आहे हे कळलं असतं, तर फार खराब झालेल्या बाईसाठी ‘चांगलं’ पाकीट शोधायचा मोह रात्री तीन वाजता कुणालाही झाला असता. तो रस्ता बंद होता. म्हणून रकान्यात आलं: “यादी बाहेर तयार, पाकिटं एकसारखी, कोणत्या गटात जाणार हे आधी कळणं अशक्य. धोका कमी.” ब्लाइंडिंगच्या रकान्यात याच पाकिटांचा हवाला पुरला. मृत्यूचं कारण लिहिणाऱ्या डॉक्टरलाही बाईला काय मिळालं ते माहीत नव्हतं. त्यामुळे कारण ठरवताना चुका झाल्या असतील, तरी त्या दोन्ही गटांत सारख्याच वाटल्या जाणार.

याची एक छोटी पडताळणी पेपरमधल्याच आकड्यांवर करता येते, आणि ती करताना तिला पहिल्यांदा मजा आली. एकूण मृत्यूंतून रक्तस्रावाचे वजा करा. औषधाच्या गटात 227 वजा 155, म्हणजे 72. प्लासिबोत 256 वजा 191, म्हणजे 65. समजा औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू कमी करून गुठळ्यांचे वाढवले असते, किंवा कारणांची लेबलं एका गटात इकडून तिकडे गेली असती, तर इथे मोठी तफावत दिसली असती. 72 आणि 65 मध्ये घाबरण्यासारखं काही नाही. वर्कशीटला ही ओळ कुठल्याच छापील रकान्यात बसत नव्हती, म्हणून समासात गेली.

मग आला 99.8 टक्क्यांचा रकाना. हा सगळ्यांना फार आवडतो. इतका चांगला पाठपुरावा म्हटल्यावर पुढे कोण विचारतं? तिला म्हटलं, टक्के राहू देत, माणसं मोज. औषधाच्या गटात सुरुवातीला 10,051 होत्या, हिशेबात 10,036 आल्या. प्लासिबोत 10,009 पैकी 9,985. म्हणजे 15 आणि 24, एकूण 39 बायकांचा निकाल नाही. आणि दोन्ही गटांतल्या रक्तस्रावाच्या मृत्यूंचा फरक किती? 36.

ती गप्प झाली. मीही पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा गप्पच झालो होतो.

याचा अर्थ ट्रायल कोसळली असा नाही. हरवलेल्या सगळ्या बायका एकाच गटात आणि त्याही रक्तस्रावाने मेल्या असं धरणं वेडेपणा आहे. शिवाय हा मृत्यू बहुतेक पहिल्या दिवसात, रुग्णालयातच होतो, आणि नंतर संमती काढून घेणारी किंवा कागद हरवलेली बाई तोवर जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून शेरा ‘धोका कमी’ हाच राहिला. पण समर्थन बदललं. आधी ते 99.8 टक्के होतं, आता ते होतं “39 जणींचा निकाल नाही, घटनांतला फरक 36, तरी मृत्यू लवकर आणि रुग्णालयात होत असल्याने हरवलेल्यांत तो जास्त असण्याचं कारण दिसत नाही.” घटना दुर्मीळ असली की गहाळ माणसांची तुलना एकूण संख्येशी करायची नाही, घटनांच्या फरकाशी करायची.

आता नेमकेपणा. पेपरमध्ये वरची मर्यादा 1.00 छापली आहे आणि पी, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, 0.045. तिने विचारलं, “सर, 1.00 म्हणजे फरक नाही, मग पी 0.05 च्या खाली कसा?” प्रश्न बरोबर होता. उत्तर दोन दशांशांच्या मागे लपलं आहे. एक्सेल उघडून तिने हे टाकलं:

```
=EXP(LN((155/10036)/(191/9985))
 +1.96*SQRT(1/155-1/10036+1/191-1/9985))
```

उत्तर आलं 0.996. अधिकची खूण बदलून वजा केली की खालची मर्यादा 0.654. म्हणजे छापील 0.65 ते 1.00 शी जुळलं, आणि 1.00 हा खरं तर एकच्या केसभर अलीकडे आहे हे कळलं. नंतर मी तिला 155 च्या जागी 156 टाकायला सांगितलं, दोन्ही ठिकाणी. उत्तर 1.002. वीस हजार बायकांच्या ट्रायलमध्ये एक मृत्यू जास्त झाला असता तर ‘सिग्निफिकंट’ हा शब्द गेला असता.

इथे तिची गाडी दुसऱ्या टोकाला गेली. “मग हे खोटंच आहे की.” नाही. 0.996 आणि 1.002 यांत पुरावा म्हणून काहीच फरक नाही. दोन्हींचा अर्थ एकच: परिणाम बहुधा आहे, एक तृतीयांशाने मृत्यू कमी होण्याइतका मोठा असू शकतो, जवळजवळ शून्यही असू शकतो. खोटा आहे तो ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यातला उंबरठा. म्हणून फॉर्ममधला “निकाल सिग्निफिकंट आहे का?” हा प्रश्न आम्ही सरळ कापला आणि जागी लिहिलं: “दोन्ही टोकांना उपचार करताना मी काय वेगळं करीन?” खालच्या टोकाला, 0.65 ला, औषध कपाटात हाताशीच हवं. वरच्या टोकाला, 0.996 ला, दिलं तर नुकसान नाही, पण जीव त्याच्यावर टांगायचा नाही.

हेच माणसांच्या भाषेत आणायला टक्क्यांचा फरक काढला. प्लासिबोत 1.91 टक्के, औषधात 1.54, फरक 0.37. म्हणजे एक मृत्यू टाळायला सुमारे 271 बायकांना औषध द्यावं लागतं. पहिल्या फॉर्मवर एवढंच होतं, अगदी ठळक. पण या 271 लाही मर्यादा असतात. चांगल्या टोकाला 137, वाईट टोकाला साडेतेरा हजारांच्या पुढे. हा दुसरा आकडा लिहायला तिला जिवावर आलं. “सर, मॅडम म्हणतील हे काय आणलंस.” म्हटलं, म्हणू देत. फक्त 271 लिहिणं म्हणजे भाव एकच सांगून तराजू झाकून ठेवण्यासारखं.

आता आऊटकमचा भाग, ज्यावर आमचा खरा वाद झाला. मुख्य आऊटकम निगेटिव्ह आणि गाजला तो दुसराच, तर हे निकाल निवडून दाखवणं नाही का? RoB 2 मधला शेवटचा भाग नेमका याबद्दल आहे, आणि तिने तिथे आता घाईने ‘धोका जास्त’ लिहिलं होतं. दोन तासांपूर्वी सगळं ‘होय’, आता सगळं ‘जास्त’.

पेपर नीट वाचला तर गोष्ट अशी आहे. ट्रायल चालू असताना लक्षात आलं की पिशवी काढायचा निर्णय पुष्कळदा बाईला ट्रायलमध्ये घेतानाच झालेला असतो. वरिष्ठ ओटीकडे निघालेले असतात आणि कुणीतरी पाकीट फोडत असतं. अशा बाईचा जीव औषधाने वाचू शकेल, पण पिशवी वाचणार नाही, कारण ती काढायची हे ठरलेलंच आहे. म्हणजे मुख्य आऊटकमचा अर्धा भाग असा, ज्याला औषध हातच लावू शकत नाही. तो भाग दोन्ही गटांत सारखी भर घालतो आणि खरा फरक पुसट करतो. म्हणून संशोधकांनी नमुना 15,000 वरून 20,000 वर नेला, रक्तस्रावाच्या मृत्यूतला फरक दिसावा या आशेने. मुख्य आऊटकम त्यांनी बदलला नाही, आणि हे सगळं पेपरमध्ये उघड लिहिलं.

कोणत्याही लेबर रूममध्ये रात्रपाळी केलेल्या माणसाला हे कारण पटतं. मलाही पटतं. पण पटणं वेगळं आणि आधी ठरलेलं असणं वेगळं. तिचं म्हणणं, ‘जास्त’ ठेवू. माझं म्हणणं, ‘कमी’च्या जवळचं ‘काही शंका’. शेवटी ‘काही शंका’ राहिलं आणि त्याखाली तिच्याच शब्दांत: “हा आऊटकम आधीपासून यादीत होता आणि कारण शरीरशास्त्राला धरून आहे, पण मुख्य आऊटकम निगेटिव्ह असताना 0.045 ला मुख्य निकालाच्या पी इतकं वजन देणार नाही.” पहिल्या फॉर्मवर मुख्य आऊटकमचा उल्लेखच नव्हता. आता तो पहिल्या ओळीत आला, रक्तस्रावाच्या मृत्यूच्या आधी.

तीन तासांचा उपगट मी तिला पुन्हा वजाबाकीनेच वाचायला लावला. 155 मधून 89 गेले, उरले 66. 191 मधून 127 गेले, उरले 64. तीन तासांच्या आत नसलेल्यांत दोन्ही गट सारखेच. सगळा फायदा लवकरच्या बायकांत साठलेला. एकट्या ट्रायलच्या उपगटावर मी एवढा भरवसा ठेवत नाही, उपगट पुष्कळदा फसवतात. पण इथे गट वेळेनुसार आधी ठरलेले होते. शिवाय 2018 साली वूमन आणि अपघातातल्या रुग्णांवरची क्रॅश-2 अशा दोन ट्रायलचे मिळून 40,138 रुग्ण एकेक करून तपासले गेले आणि तिथेही तेच निघालं: दर पंधरा मिनिटांच्या उशिराला फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, तीन तासांनंतर उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2017 साली हीच तीन तासांची अट घातली, आणि घड्याळ सुरू होतं ते रक्तस्राव लक्षात आल्यापासून नाही, बाळ जन्मल्यापासून.

नुकसानाचा रकाना लवकर झाला. गुठळ्यांत फरक दिसला नाही. मात्र माहिती मृत्यू, डिस्चार्ज किंवा 42 वा दिवस यांतलं जे आधी येईल तिथपर्यंतच घेतली होती. बाई तिसऱ्या दिवशी घरी गेली आणि दहाव्या दिवशी पाय सुजला, तर ते या ट्रायलला दिसलं नसतं. एवढी ओळ घालून पुढे गेलो.

शेवटचा भाग, ‘आपल्याकडे लागू पडतं का?’ तिने लिहिलं होतं, “होय, विकसनशील देशांतली रुग्णालयं होती.” हे उत्तर नाही, भूगोल आहे. ज्या दोन गोष्टींनी इथे फरक पडतो त्या वेगळ्याच.

पहिली, मूळचा धोका. ट्रायलमध्ये प्लासिबोच्या शंभर बायकांमागे जवळपास दोघी रक्तस्रावाने गेल्या. आमच्याकडे प्रसूती झालेल्या, ताबडतोब ऑक्सिटोसिन मिळालेल्या, ब्लड बँक त्याच आवारात असलेल्या बाईचा धोका एवढा नसणार. समजा तो अर्धा टक्का धरला, तर त्याच 0.81 ने एक मृत्यू टाळायला हजाराच्या आसपास बायका लागतात. बाहेरून शॉकमध्ये आलेल्या बाईचा धोका पाच टक्के धरला तर शंभराच्या आसपास. हे दोन्ही धोके आम्ही मानलेले, मोजलेले नव्हेत, आणि वर्कशीटवर तसंच लिहिलं. पण एकाच वॉर्डात दोन खाटांवर एकच औषध दहापट वेगळ्या किमतीचं असू शकतं, हे ‘होय’मध्ये कुठे दिसत होतं?

दुसरी, वेळ. हिशेब कागदावर मांडला. करमाळ्याकडच्या खेड्यात पहाटे प्रसूती. रक्त थांबत नाही हे लक्षात यायला, तालुक्याला न्यायला, तिथून गाडी मिळायला आणि मग शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता सोलापूरला. तीन तास टेंभुर्णीच्या अलीकडेच संपलेले असू शकतात. अक्कलकोटहून येणारीला कदाचित वेळ उरेल. म्हणजे धोका सगळ्यात जास्त जिचा, तिच्यापर्यंत औषधाची खिडकी आमच्या दारात येईपर्यंत बंद होते. आमच्या वॉर्डासाठी हा पेपर जेवढा आहे त्याहून जास्त तो पाठवणाऱ्या केंद्रासाठी आहे. तिथे अडचण औषधाची नाही. आपल्याकडची अँप्यूल बहुधा 5 मिलीत 500 मिलीग्रॅमची असते, दोन अँप्यूल म्हणजे बरोबर ट्रायलमधलं 10 मिलीत एक ग्रॅम, मिनिटाला एक मिली या वेगाने दहा मिनिटं. अडचण दहा मिनिटं सुईजवळ बसायला माणूस असण्याची.

आणखी एक बारकावा तिने स्वतः पकडला. ट्रायलमध्ये तीच बाई घेतली, जिला औषध द्यावं की नाही याबद्दल डॉक्टरला खरोखर शंका होती. जिला द्यायचंच असं वाटलं, ती बाहेर राहिली. त्यामुळे सगळ्यात वाईट अवस्थेतल्या बायका थोड्या कमी आल्या असण्याची शक्यता. हे मला सुचलं नव्हतं.

शनिवारी जर्नल क्लबात मॅडमनी वर्कशीट उलटसुलट केलं आणि विचारलं, “मग द्यायचं की नाही?” रेसिडेंटने खालची ओळ वाचली: “तीन तासांच्या आत असेल तर द्यायचं, ऑक्सिटोसिन आणि पिशवीचा मसाज यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. तीन तास उलटले असतील तर या औषधापायी रक्त चढवायला किंवा ओटीला उशीर करायचा नाही.”

“आणि किती वाजता बाळंत झाली हेच माहीत नसेल तर?”

तेव्हा रेफरलच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रसूतीची तारीख प्रत्येक चिठ्ठीवर होती. वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वेळ माहीत नसेल तर जास्तीत जास्त जवळचा अंदाज धरा. तो अंदाज बरोबर आलेल्या सासूला किंवा आशाताईंना विचारूनच करावा लागतो, आणि सीमेपलीकडून आलेली असेल तर कन्नडमध्ये. त्या रकान्यात तिने पेन्सिलने लिहून ठेवलं आहे: “बाळाचा पहिला आवाज किती वाजता, ते दारातच विचारणे.”